पिशवी काढून मोकळं व्हायचं म्हणतेस, पण...

सुमन, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, पिशवीच काढून टाकली की सुटले." चार वर्षांपूर्वी मीही डॉक्टरांपुढे हाच हट्ट धरला होता. माझी गाठ साडेचार सेंटिमीटरची होती आणि गर्भाशयमुखाच्या उजव्या बाजूच्या ऊतीत शिरली होती. तुझ्या एमआरआयमध्येही तेच लिहिलंय, म्हणून तुझीही स्टेज टू बी.

गाठ गर्भाशयमुखापुरतीच आणि चार सेंटिमीटरच्या आत असेल, तर ऑपरेशन चांगलं. त्यातही नुसती पिशवी काढत नाहीत, बाजूची ऊती, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही काढतात. वय कमी असेल तर अंडाशय ठेवता येतात. पण गाठ बाजूला पसरली की सुरीला मोकळी कड मिळत नाही. थोडं मागे राहतंच, मग वर रेडिएशन द्यावं लागतं. दोन्हींचा मार एकाच मूत्राशयाला आणि आतड्याला बसतो, पायांना सूज धरते. म्हणून तुला सुरुवातीपासून केमो-रेडिएशन सांगितलंय. ऑपरेशनची वेळ टळून गेली म्हणून दिलेला हा दुय्यम उपाय नाही गं. टाटा मेमोरियलने 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात, आधी केमो देऊन मग ऑपरेशन केलेल्या बायकांपेक्षा थेट केमो-रेडिएशन घेतलेल्या बायका पाच वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण जास्त निघालं.

साधारण पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार बाहेरून शेक. आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनची बाटली, त्याआधी रक्त आणि क्रिएटिनिन तपासतात, कारण ते औषध मूत्रपिंडाला जड जातं. मग आतून शेक, ब्रेकीथेरपी. त्याची मला फार भीती होती. पण भूल देतात, आणि गाठीला खरा जोरदार डोस तिथेच मिळतो, तेव्हा तो टाळू नकोस. सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. मी गौरीला घरी जायचं म्हणून चार दिवस मागितले होते. डॉक्टरांनी नाही म्हटलं, ते बरंच झालं.

नंतरचं कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. पाळी कायमची जाईल, अंगातून वाफा निघतील. तू बेचाळीसची आहेस, तेव्हा हार्मोनच्या गोळ्यांबद्दल स्वतःहून विचार. योनी आकसते, म्हणून डायलेटर वापरायला शिकवतात. लाज वाटली तरी सोडू नकोस. मी दोन महिने सोडला, तर पुढच्या तपासणीला कळ आली.

तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी असते, मग पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी. दरवेळी स्कॅन नसतो, डॉक्टर हाताने तपासतात आणि तुला विचारतात. म्हणून तुला सांगता आलं पाहिजे. पुन्हा रक्त जाणं, एकाच पायाला सूज, कंबरेतून पायात उतरणारी न थांबणारी कळ, यांपैकी काही झालं तर तारखेची वाट पाहू नकोस. लघवीतून किंवा शौचातून रक्त आलं तरी लगेच सांग. ते बहुधा शेकाचंच असतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सोमवारी मी येतेय. रिपोर्टांची फाईल आणि एमआरआयची सीडी काढून ठेव.