अंडाकरी मागवली, पण रस्सा कशाचा?
(बाहेरगावी जेवताना विचारण्याचे प्रश्न)

मालाच्या खरेदीसाठी नांदेडहून लातूरला किंवा लातूरहून नांदेडला जाणाऱ्या आपल्या बंधूंना दुपारचे जेवण बहुधा बाहेरच घ्यावे लागते. ओळखीचे हॉटेल जवळ असले तर प्रश्नच नाही. परंतु मार्केट यार्डात सौदा लांबतो, एस.टी.ची वेळ होते आणि समोर दिसेल त्या खानावळीत बसावे लागते. मटण कुठले याची खात्री नसली म्हणजे आपण सरळ अंडाकरी मागवतो आणि निर्धास्त होतो. नेमकी येथेच फसगत होते.

मटणाच्या खानावळीत दुपारच्या गर्दीला तीन-चार वेगवेगळे रस्से करीत बसण्यास आचाऱ्याला सवड नसते. पुष्कळ ठिकाणी सकाळी मटण शिजवून त्याच पाण्यात कांदा-खोबऱ्याचे वाटण व काळा मसाला टाकून एक मोठे पातेले तयार ठेवतात. मटणाच्या ताटाला तोच रस्सा, आणि अंडाकरीची ऑर्डर आली की त्याच रश्श्यात उकडलेली दोन अंडी सोडतात. काही ठिकाणी शेवभाजीचेही तसेच असते. खानावळवाल्याच्या मते यात काही लपवाछपवी नाही, उलट रश्श्याला चव येते. पण ज्याने मटण टाळण्यासाठी अंडे मागवले, त्याच्या वाटीत मटण आलेलेच असते.

म्हणून बोटी कसली हे विचारण्याआधी रस्सा कसला हे विचारावे. विचारण्याचीही एक रीत आहे. "यात मटण नाही ना?" असे विचारले की घाईतला पोऱ्या "नाही, नाही" म्हणून मोकळा होतो. त्याच्या लेखी मटण म्हणजे बोटी, आणि बोटी त्यात खरोखरच नसते! होय-नाहीत उत्तर देता येणार नाही असा प्रश्न करावा:

"दादा, अंडाकरीचा रस्सा कशात करता?"
"रस्सा एकाच पातेल्यातला आहे की अंड्याचा वेगळा?"
"भजी तळायचं तेल कोणतं? त्यात चिकनबिकन तळता का?"

पोऱ्या गोंधळला तर गल्ल्यावर जावे आणि "मालक, जरा आचाऱ्याला विचारून सांगता का?" असे म्हणावे. आचारी खरे सांगतो, कारण त्याला आपल्या हातचा मसाला सांगण्यात कमीपणा वाटत नाही.

मटणाबाबत विचारायचे असेल तर "हलाल आहे का?" या प्रश्नालाही वरीलप्रमाणेच "हो, हो" मिळते. त्याऐवजी "मटण कोणत्या दुकानातून येतं? कापणारं कोण?" असे विचारावे. दुकानाचे नाव कळले की गावातल्या कोणाही ओळखीच्याकडून खात्री करता येते. खेड्यापाड्यांत जत्रेच्या वा कंदुरीच्या वेळी हिंदू घरचे बकरेही मुलाण्याच्या हातून कापून घेण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे वयस्कर मालकाला "मुल्लानं कापलेलं आहे का?" हा प्रश्न चटकन समजतो व त्याचा रागही येत नाही. नांदेडला आणखी एक गोष्ट आहे. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या शीख यात्रेकरूंना त्यांच्या मर्यादेप्रमाणे हलालचे मटण चालत नाही, त्यांना झटका लागतो. त्यांच्यासाठी चालणाऱ्या हॉटेलात "झटका आहे की हलाल?" असे साधेपणाने विचारावे. आपण आपला धर्म पाळतो, ते त्यांचा पाळतात. आवाज चढवण्याचे कारण नाही.

आता चुकीचे ताट आले तर काय करावे, हे लातूरच्या एका अनुभवावरून सांगतो. मी व माझे एक सहव्यापारी यार्डाजवळच्या एका खानावळीत बसलो. रस्सा मटणाचाच आहे असे आचाऱ्याने सांगितल्यावर आम्ही दोन पिठलं-भाकरी सांगितल्या. पोऱ्याने आत आरोळी दिली खरी, पण ताटे आली ती एक पिठल्याचे व एक अंडाकरीचे. सहव्यापारी भाकरी मोडण्याच्या बेतात होते. मी त्यांचा हात धरला, कारण ताटाला हात लागला नाही तोवरच ते मुकाट्याने परत जाते. अर्धे खाल्ल्यावर मालक पैसे मागणार आणि त्यात त्याचे चूकही नाही.

"दादा, आम्ही पिठलं सांगितलं होतं, ही अंडाकरी आली. हात लावलेला नाही, बदलून द्या."

पोऱ्याने ताट नेले आणि दोन मिनिटांत परत आणले. वाटीत पिठले होते, पण ताट तेच, आणि भाकरीच्या कडेला लाल तवंग तसाच! वाटी तेवढी बदलली होती. असे वारंवार होते. कोठे कोठे तर फक्त अंडी किंवा बोटी काढून उरलेला रस्सा पुन्हा समोर ठेवतात. म्हणून नुसते "बदला" म्हणून भागत नाही.

"भाऊ, भाकरीला रस्सा लागलाय. वाटी नको, सगळं ताटच बदला. भाकरी दुसरी आणा."

हे मी पोऱ्यावर न ओरडता, मालकाला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हटले. बऱ्याच ठिकाणी चुकलेल्या ताटाचे पैसे पोऱ्याच्या पगारातून कापतात. त्यामुळे तो चूक लपवू पाहतो. मालकाने लगेच नवे ताट देवविले. बिलात मात्र अंडाकरी लागलीच होती. "शेठ, अंडाकरी परत गेली, तेवढी वजा करा," म्हणताच त्यांनी ती खोडली. तसे न झाले असते तर मी पक्के बिल मागितले असते. त्यावर २०२२ पासून अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणे बंधनकारक आहे आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तो उपयोगी पडतो. पण पन्नास-साठ रुपयांसाठी तेथवर जाण्याची पाळी सहसा येत नाही.

वाटीवरून काही ओळखता येते का, असे बंधू विचारतात. थोडेफार येते. रस्सा निवू द्यावा. बोकडाची चरबी असली तर कडेला पांढरट थर गोठतो, नुसत्या तेलाचा तवंग तसाच पातळ राहतो. तळाशी बारीक रेषा किंवा हाडाची कणी सापडली तर शंकाच नको. परंतु कोंबडीची चरबी तशी गोठत नाही, आणि गरम रश्श्यात काहीच दिसत नाही. तेव्हा विचारणे हाच खरा उपाय.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवावी. आपला आडत्या किंवा गिऱ्हाईक लिंगायत वा मारवाडी असेल आणि आपण त्याला आपल्या ओळखीच्या हॉटेलात नेले, तर "तुम्ही दालचा घ्या, ती डाळच आहे" असे कृपा करून म्हणू नये. दालच्यात हरभऱ्याची डाळ व दुधी असला तरी तो बहुधा मटणात शिजवलेला असतो. बिर्याणीच्या देगीतला नुसता भातही बोटी काढून दिला म्हणजे शाकाहारी होत नाही. मांसाहारी हिंदू पाहुणा असेल तर त्याच्यासमोर नव्हे, आधीच गल्ल्यावर जाऊन विचारावे: "भाई, आज बिर्याणी कशाची आहे, बकऱ्याची की बड्याची?" महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बडे म्हणजे आता म्हशी-रेड्याचे, तरीही पुष्कळांना ते चालत नाही. पाहुणा शाकाहारी असेल तर त्याला त्याच्या पसंतीच्या हॉटेलात न्यावे आणि आपणही तेथेच वरण-भात खावा. माझ्या ओळखीचा एक आडत्या अशाच एका दालच्याच्या वाटीनंतर सहा महिने आमच्या एका बंधूच्या दुकानाची पायरी चढला नव्हता.