ऑड्स रेशो वाचण्याआधी माणसं मोज

जर्नल क्लबला पेपर मांडायचा असला की तू थेट शेवटच्या तक्त्यातल्या ‘अ‍ॅडजस्टेड ऑड्स रेशो’वर उडी मारतोस. तसं करू नकोस. आधी साधी मोजणी शोध: किती जणांत किती जणांना झालं. ती पेपरात नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा जपून घे.

सरावासाठी एक जुना डेटा सांगतो. आर उघडलास की तो हाताशीच आहे, नाव `birthwt`. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या बेस्टेट मेडिकल सेंटरमध्ये 1986 साली गोळा केलेल्या 189 बाळंतपणांची ही माहिती. बाळाचं वजन अडीच किलोच्या आत भरलं की ते कमी धरायचं. सिगारेट ओढणाऱ्या आया 74, त्यांतल्या 30 जणींची बाळं कमी वजनाची. न ओढणाऱ्या 115, त्यांत 29.

आता ऑड्स काढ. ओढणाऱ्यांत 30 ला 44, न ओढणाऱ्यांत 29 ला 86. एकाला दुसऱ्याने भागलं की 2.02. इथेच बहुतेक जण म्हणतात, ‘धोका दुप्पट’. चूक. धोका म्हणजे 74 पैकी 30, साधारण 40 टक्के; दुसरीकडे 115 पैकी 29, साधारण 25 टक्के. म्हणजे धोका दीडपटीहून थोडा जास्त, 1.6. आजार विरळ असला तर ऑड्स रेशो आणि धोक्याचं गुणोत्तर जवळजवळ सारखं येतं. इथे तीनातलं एक बाळ कमी वजनाचं आहे, त्यामुळे फरक पडतो. म्हणून तोंडाने ‘ऑड्स दुप्पट’ असंच म्हण, आणि लगेच दोन टक्केवाऱ्या सांग.

मग मॉडेल चालव.

```r
library(MASS)
m <- glm(low ~ smoke + factor(race),
         family = binomial, data = birthwt)
summary(m)
exp(coef(m))
```

`summary` मध्ये `smoke` समोर 1.116 दिसेल. तो लॉगमधला आकडा आहे. `exp` केलंस की 3.05 मिळतं. शेजारची स्टँडर्ड एरर 0.369 आहे. तिच्या 1.96 पट मागे-पुढे जाऊन `exp` केलं की 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण 1.5 ते 6.3 येतो. लॉगमध्ये असताना शून्याशी ताडायचं, `exp` केल्यावर एकाशी. आणि ‘एक ओलांडत नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. दीडपट ऑड्स आणि सहापट ऑड्स यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि हा डेटा दोन्हींना वाव देतो.

पण खरा प्रश्न पुढचा. अ‍ॅडजस्ट केल्यावर परिणाम कमीच होतो असं तुम्हा मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. इथे तर 2.02 चा 3.05 झाला. का? पुन्हा माणसं मोज. ओढणाऱ्या 74 पैकी 52 श्वेतवर्णीय, न ओढणाऱ्या 115 पैकी 44 च. आणि न ओढणाऱ्या श्वेतवर्णीय आयांत कमी वजनाची बाळं 44 पैकी फक्त 4. म्हणजे एरवी ज्यांचा धोका कमी, त्याच बायका सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त भरल्या होत्या. त्यामुळे सिगारेटचा वाईट परिणाम क्रूड आकड्यात झाकला गेला. क्रूड आणि अ‍ॅडजस्टेड शेजारी मांडून आकडा कुठे सरकला आणि का, हे तुला तक्त्यातून दाखवता आलं पाहिजे.

गट वेगळे करून बघितलंस तर आणखी एक गोष्ट दिसेल. श्वेतवर्णीयांत ऑड्स रेशो 5.8, कृष्णवर्णीयांत 3.3, आणि ‘इतर’ गटात 1.25. मॉडेलने मात्र तिघांसाठी एकच आकडा धरलाय. ‘इतर’ गटात ओढणाऱ्या जेमतेम 12, तेव्हा हा फरक खरा की योगायोग हे एवढ्या डेटावरून ठरवू नकोस, पण 3.05 ही सरासरी आहे, हे लक्षात ठेव.

कशासाठी अ‍ॅडजस्ट केलं याची यादी वाचताना प्रत्येक नावाला विचार: हे सिगारेटच्या आधीचं की नंतरचं? समजा कुणी गर्भारपणाचे आठवडे मॉडेलमध्ये घातले. सिगारेटमुळे बाळंतपण लवकर होऊ शकतं, आणि लवकर जन्मलेलं बाळ हलकं भरतं. आठवडे धरून ठेवलेस की सिगारेटच्या परिणामाचा तेवढा वाटा आपल्याच हाताने पुसला जातो. वयाचं तसं नाही. ते आधीचं आहे.

आपल्या मॉडेलच्या `exp(coef(m))` मध्ये कृष्णवर्णीय आयांसमोर 2.96 दिसेल. तो आकडा सिगारेटच्या ओळीसारखा वाचू नकोस. वंशाचा घटक सिगारेटचा अंदाज नीट यावा म्हणून घातला होता. वंश आणि बाळाचं वजन यांच्या मधलं उत्पन्न, आहार, दवाखान्यापर्यंत पोचणं यांतलं या मॉडेलमध्ये काहीच नाही. तुझ्या पेपरच्या लेखकांनी चर्चेत अशा ओळीवर परिच्छेद लिहिला असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण कर आणि जर्नल क्लबमध्ये तोच प्रश्न आधी काढ.