स्पॉन्सरला पहिल्यांदा काय मागायचं? पैसे नव्हे, पंधरा मिनिटं!

व्हिडिओत आपण स्पॉन्सरकडे कसं जायचं ते पाहिलं. वेळेअभावी तिथे उदाहरण पूर्ण सोडवता आलं नाही, ते इथे सोडवू. मेसेज आणि पत्राचे नमुनेही खाली आहेत. नावं, आकडे बदलून वापरा.

आपलं उदाहरण

समजा, सांगलीतल्या 30 घरगुती उद्योजिका मिळून दिवाळीआधी दोन दिवसांचं प्रदर्शन भरवणार आहेत. फराळ, आकाशकंदील, पणत्या, साड्या असे स्टॉल. हॉलचं भाडं, टेबलं, लाइट, छपाई धरून खर्च 55,000 रुपये. प्रत्येक स्टॉलचे 1,000 घेतले की 30,000 जमतात. उरले 25,000. ही रक्कम स्पॉन्सरकडून हवी आहे.

स्टॉलची फी वाढवून हा खड्डा भरता येतो, पण मग ज्या ताईचा लाडूंचा धंदा आत्ताच सुरू झालाय, ती पहिली गळते. म्हणून स्पॉन्सर.

कोणाकडे जायचं?

"मोठा माणूस आहे, देईल" हा निकष नाही. आपल्याकडे येणारा माणूस ज्याचं गिऱ्हाईक होऊ शकतो, त्याच्याकडे जायचं. आपल्याकडे कोण येणार? दिवाळीची खरेदी करायला निघालेल्या बायका आणि त्यांची कुटुंबं. त्यांच्यासाठी कोण जाहिरात करतं? सराफ, कापड दुकानदार, भांडीवाले. आपण सराफी पेढी धरू, समजा तिची विश्रामबागेत नवी शाखा उघडली आहे.

आता वेळ. दसरा-दिवाळीच्या जाहिरातीचं सराफाचं गणित बरंच आधी ठरतं. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी गेलात तर "आधी यायचं होतं" हेच ऐकाल. गणपतीच्या आधी जा. पितृपक्षात सोन्याची खरेदी थंड असते, मालकाला बोलायला वेळ असतो, पण तोवर जाहिरातीचे पैसे बहुधा वाटून झालेले असतात. गुरुपुष्याच्या दिवशी दुकानात पाऊलही टाकू नका. आणि सकाळी बोहनीच्या आधी कोणी पैशाचा विषय काढलेला दुकानदाराला आवडत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिला मेसेज: फक्त भेट मागा

इथेच बहुतेकांचं चुकतं. पहिल्याच मेसेजमध्ये चार पानांची पीडीएफ आणि "सहकार्य करावे" ही ओळ जाते. समोरच्याला ती वर्गणी वाटते, आणि वर्गणीचे दर ठरलेले असतात: 501 किंवा 1,001. एकदा तुम्ही त्या खात्यात गेलात की 25,000 विसरा.

असा मेसेज पाठवा:

> नमस्कार शेठ. मी (नाव), (गटाचं नाव) तर्फे. दिवाळीआधी सांगलीत 30 घरगुती उद्योजिकांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवतोय. मागच्या वर्षी 640 कुटुंबं आली, त्यातली बरीचशी विश्रामबाग परिसरातली. तुमच्या नव्या शाखेसाठी याचा उपयोग कसा होईल, हे सांगायला 15 मिनिटं हवी आहेत. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी 12 ला दुकानात येऊ का?

बघा, यात आपण कोण, काय करतोय, तुमचा काय संबंध आणि कधी भेटू, एवढंच आहे. रकमेचा उल्लेख नाही. दोन वेळा दिल्यात, म्हणजे उत्तर देणं सोपं. तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन करा. तरी नाही आलं तर पुढच्या नावाकडे वळा.

640 हा आकडा कुठून आला? लकी ड्रॉच्या कूपनांवरून. एका कुटुंबाला एक कूपन, त्यावर भागाचं नाव. पहिलंच वर्ष असेल तर आकडा बनवू नका. "30 जणी प्रत्येकी 20 घरांना स्वतः निमंत्रण देणार आहेत, म्हणजे 600 निमंत्रणं" असं सांगा. निमंत्रणं आणि आलेली माणसं यातला फरक दुकानदाराला कळतो. खरं सांगितलंत की पुढचं बोलणं सरळ होतं.

भेटीत: आधी विचारा, मग कागद पुढे करा

पहिला प्रश्न त्यांना विचारा: "शेठ, नव्या शाखेला सध्या कोणतं गिऱ्हाईक कमी पडतंय?" ते म्हणाले, "लोक जुन्या दुकानातच जातात, नवीन बघायलाच येत नाहीत," तर त्यांचा फायदा "बॅनरवर नाव" हा नाहीच. माणसं शाखेपर्यंत जाणं, हा आहे. मग एका पानाचं पत्र द्या:

> उद्देश: 30 घरगुती उद्योजिकांना दिवाळीत थेट गिऱ्हाईक मिळवून देणे.
> आम्ही काय देऊ: (1) प्रवेशाजवळ 10 बाय 10 फुटांचा स्टॉल. (2) सर्व निमंत्रणांवर आणि कूपनांवर पेढीचे नाव. (3) लकी ड्रॉची बक्षिसे विजेत्यांनी आपल्या विश्रामबाग शाखेतून घ्यायची. (4) दुसरी सराफी पेढी प्रायोजक नसेल.
> आमची अपेक्षा: 25,000 रुपये. निम्मी रक्कम ठरताना, निम्मी प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी.
> नंतर: आठ दिवसांत फोटो, कूपनांचा आकडा आणि किती विजेते शाखेत गेले याचा हिशोब.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, कारण तो शेठजींच्या उत्तरातून आला. 20 छोटी बक्षिसं ठेवलीत तर 20 कुटुंबं शाखेची पायरी चढतील, आणि ती मोजता येतील. चौथा मुद्दा लिहिताना मात्र जपून. तुमच्याकडे इमिटेशन ज्वेलरीचा स्टॉल असेल तर आधीच सांगा. तो प्रदर्शनाच्या दिवशी दिसला तर भांडण नक्की.

तीन ठिकाणी गाडी अडते

*"सगळ्यांचे मोबाइल नंबर द्या."* सरसकट हो म्हणू नका. ज्यांनी कूपनावर "पेढीकडून माहिती चालेल" या चौकोनात खूण केली, त्यांचेच नंबर देऊ, असं सांगा. लोकांना न विचारता नंबर वाटलेत तर पुढच्या वर्षी कूपन कोणी भरणार नाही.

*"पैसे नाही, वस्तू देतो."* आपला खर्च वाचत असेल तर घ्या. छपाई त्यांनी करून दिली तर 8,000 वाचतील, मग 17,000 मागा. भिंतीवरची 100 घड्याळं दिली तर हॉलचं भाडं फिटत नाही.

*"पत्र ठेवून जा, बघतो."* हा बहुधा नकारच असतो. नम्रपणे विचारा, "निर्णय तुम्हीच घेता की घरात अजून कोणाशी बोलायचं आहे?" नाव आणि तारीख मिळाली तर आशा आहे. दोन्ही नाही मिळाली तर आभार माना आणि निघा.

आणखी एक. "सीएसआरमधून द्या" असं दुकानदाराला म्हणू नका. ते बंधन कंपनी कायद्याच्या मर्यादेत बसणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आहे, आणि स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेली स्पॉन्सरशिप त्यात धरतच नाहीत. हा त्यांचा जाहिरातीचा खर्च आहे. त्यांना गटाच्या नावाची पावती लागेल आणि पैसे गटाच्या बँक खात्यात यायला हवेत. कोणा एकीच्या खात्यात नकोत. जीएसटीचं काय, ते त्यांच्या सीएला विचारून पावती बनवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या कार्यक्रमाला येणारा माणूस आणखी कुठे खर्च करतो, अशी पाच दुकानं लिहा. प्रत्येकासमोर एकच ओळ: "यांना आपल्यामुळे काय मिळेल?" ज्या दुकानासमोर ओळ सुचत नाही, ते खोडा. उरलेल्यांना मेसेज पाठवा.