एकच मका, दोन खाऊ

मुलांनो, पावसाळ्यात शाळा सुटली, की फाटकाबाहेर दोन खाऊ हमखास दिसतात. एका बाजूला शेगडीवर भुट्टे भाजले जात असतात. दुसऱ्या बाजूला दुकानात रंगीत पाकिटांच्या माळा लटकत असतात. त्यांतल्या पुष्कळ पाकिटांत मक्याच्या कुरकुरीत कांड्या असतात. म्हणजे दोन्हीकडे मकाच! भुट्ट्याला मराठीत मक्याचे कणीस म्हणतात. एक कणीस खाल्ले, की दुसरे घ्यावे असे सहसा वाटत नाही. पाकीट मात्र संपले, तरी तळाचा मसाला आपण बोटाने चाटून खातो. दुसरे पाकीट मिळाले, तर तेही फोडतो. धान्य एकच असताना असे का होते?

त्यासाठी आधी ही कांडी कशी तयार होते, ते पाहू या. कारखान्यात मक्याचे साल आणि अंकुर काढून टाकतात. उरलेल्या दाण्याचा रवा दळतात. त्यात थोडे पाणी मिसळून तो एका यंत्रात घालतात. यंत्राच्या नळीत स्क्रूसारखा जाड दांडा फिरत असतो. तो रव्याला दाबत दाबत पुढे ढकलतो. रवा शंभर अंशांहून जास्त तापतो, पण दाबामुळे आतल्या पाण्याची वाफ होत नाही. नळीच्या टोकाला बारीक भोक असते. रवा तेथून बाहेर पडला, की दाब एकदम नाहीसा होतो, पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगते. मग कांड्या कापतात, वाळवतात किंवा तळतात. शेवटी वरून तेल, मीठ आणि मसाला लावतात. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा. पुष्कळदा तेथे 627 आणि 631 हे आकडे असतात. चव अधिक ठसठशीत करणाऱ्या पदार्थांचे ते क्रमांक आहेत.

काही मुले म्हणतात, "ही कांडी जळते, म्हणजे तिच्यात प्लॅस्टिक आहे." हे खरे नाही. तेल आणि पीठ दोन्ही जळतात, म्हणून कांडी जळते. तिची खरी गंमत वेगळीच आहे.

ती गंमत तुम्ही स्वतः पाहू शकता. एक कांडी जिभेवर ठेवा आणि चावू नका. थोड्याच वेळात ती विरघळून जाईल, कारण ती आतून पोकळ छिद्रांनी भरलेली असते. आता एक फुटाणा, म्हणजे भाजलेला चणा, तसाच जिभेवर ठेवा. कांडी विरघळून गेली, तरी तो कडकच राहील. त्याला चावावेच लागते. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. चावायला वेळ लागला, तर ही खबर वेळेवर पोहोचते. कांड्यांचे पाकीट पाच मिनिटांत रिकामे होते. खबर येईपर्यंत हात दुसऱ्या पाकिटात गेलेला असतो.

दुसरे कारण पाण्याचे आहे. कोवळ्या कणसाच्या दाण्यांत निम्म्याहून जास्त पाणी असते. कांडीत पाणी जवळजवळ नसतेच. तिच्यात तेल असते. म्हणून 30 ग्रॅम कांड्यांतून सुमारे 160 कॅलरी मिळतात. तेवढ्याच कॅलरी कणसातून हव्या असतील, तर शंभर ग्रॅमांहून जास्त दाणे चावून खावे लागतील. तेवढ्याने पोट चांगलेच जड होते.

या गोष्टीची एक नीट तपासणीही झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञ केविन हॉल यांनी 20 प्रौढ माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवले. दोन आठवडे त्यांना कारखान्यात बनलेले तयार पदार्थ दिले आणि दोन आठवडे साध्या धान्य, भाज्या, फळे व मांसाचे जेवण दिले. दोन्ही वेळा ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ आणि तेल-तूप सारखेच होते. हवे तेवढे खा, असे सांगितले होते. 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तयार पदार्थ असताना माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन सुमारे एक किलो वाढले. साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत ते जवळजवळ तेवढेच उतरले. तयार पदार्थ ती भराभर खात होती, हेही दिसून आले. माणसे थोडी होती आणि मुदतही लहान होती, हे खरे. तरी एवढे कळते, की जास्त खाण्याचा सगळा दोष खाणाऱ्याच्या हावरेपणाला देता येत नाही.

मग कांड्या खाव्याशा वाटल्या, तर काय करावे? मोठी माणसे म्हणतात, "केळे खा." केळे चांगलेच, पण मन कुरकुरीत आणि चटपटीत मागत असताना केळ्याने समाधान होत नाही. केळे खाऊनही पाकीट आठवत राहते. म्हणून आधी मनाला विचारा, नेमके काय हवे आहे? गोड हवे असेल, तर दोन-तीन खजूर सावकाश चावून खा. आंबट-तिखट हवे असेल, तर पेरूच्या फोडींना मीठ आणि तिखट लावा. कुरकुरीत आणि चटपटीत दोन्ही हवे असेल, तर दोन मुठी फुटाणे आणि एक मूठ भाजलेले शेंगदाणे घ्या. त्यांत बारीक चिरलेला कांदा आणि काकडी घाला. वर चिमूटभर तिखट, थोडे मीठ आणि लिंबाचा रस घाला आणि लगेच खा. उशीर झाला, तर फुटाणे मऊ पडतात आणि सगळी मजा जाते. शेंगदाणे मात्र एकच मूठ घ्या. त्यांत तेल भरपूर असते, आणि वजनाला वजन लावले तर त्यांच्या कॅलरी कांड्यांइतक्याच होतात.

आणि मकाच हवा असेल, तर? मग घरी लाह्या करा. त्यासाठी लाह्यांचा वेगळा मका मिळतो. साधा मका नीट फुलत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात एक लहान चमचा तेल तापवा. घरातील मोठ्या माणसाला जवळ उभे करा. तेलात दोन मोठे चमचे मका टाकून झाकण ठेवा. दाण्यात थोडे पाणी असते. त्याची वाफ कडक सालीत कोंडते, आणि साल फुटली की दाणा उलटा होऊन फुलतो. कारखान्यातल्या नळीचे काम येथे दाण्याची सालच करते! फरक असा, की साल लाहीबरोबर आपल्या पोटात जाते आणि तेल किती घालायचे, हे आपल्या हातात राहते. फटफट आवाज कमी होऊन दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ लागले, की आच बंद करा. आणखी थांबलात, तर खालच्या लाह्या करपतील. झाकण एकदम उघडू नका. शेवटचे एक-दोन दाणे उशिरा उडतात. लाह्या गरम असतानाच मीठ, हळद आणि तिखट टाकून पातेले हलवा. दोन चमच्यांत मोठा वाडगा भरतो. तो दोघांत वाटून घ्या. तळाशी जे दाणे न फुटता राहतील, ते दातांनी फोडू नका. ते फार कडक असतात.