बाळाच्या पायाला हात लावून पाहा
कमी वजनाच्या बाळासाठी घरातली कांगारू पद्धत

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत आपल्या एका गटातल्या ताईंनी त्यांच्या सुनेची गोष्ट सांगितली. ती सगळ्यांना कळावी म्हणून इथे लिहिते आहे. नावं लिहीत नाही, कारण गाव लहान आहे.

पेण तालुक्यातली ही वाडी. नवरा हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातो. सून आठव्या महिन्यात बाळंत झाली, जुलैत, भर पावसात. बाळाचं वजन भरलं १,८५० ग्रॅम. २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ म्हणजे कमी वजनाचं बाळ. हे बाळ रडलं, श्वास नीट होता, हळूहळू का होईना चोखत होतं. म्हणून सहाव्या दिवशी घरी सोडलं. तेव्हा वजन १,७४० होतं. जन्मानंतर पहिले काही दिवस वजन थोडं उतरतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण त्यानंतर ते चढायला हवं.

घरी सोडताना नर्सताईंनी सांगितलं होतं, बाळाला छातीशी कांगारूसारखं ठेवा, दिवसरात्र, जमेल तेवढं. सुनेने ते ऐकलं. घरी आल्यावर मात्र सासूबाईंनी आपल्या रीतीने सुरुवात केली. आठव्या दिवशी दुपारी बाळाला तेल लावलं, कढत पाण्याने अंघोळ घातली, शेगडीजवळ शेक दिला आणि दुपट्यात गुंडाळून खाटेवर ठेवलं. संध्याकाळी लाईट गेली. पाऊस धो धो. रात्री नऊच्या सुमारास सुनेने बाळाला उचललं तर पोट कोमट आणि तळपाय गार. बाळ सुस्त वाटत होतं आणि दूधही नीट ओढत नव्हतं. तिने आशाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता उघडं करून छातीवर घे आणि वरून पांघरून घे. एका तासात पाय गरम झाले नाहीत, किंवा दूध घेतलं नाही, तर १०८ बोलाव."

पाऊण तासाने पाय गरम झाले. बाळ चोखायला लागलं. सासूबाई बाजूलाच बसून हे सगळं पाहत होत्या.

बाळ गार का पडलं? मोठ्या टोपातला चहा वेळाने निवतो, वाटीतला लगेच निवतो. बाळाचंही तसंच आहे. लहान बाळाच्या अंगावर चरबी नसते, आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त असते. त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. अंघोळीनंतर ओलेपणाने ती आणखी जाते. शेगडी एका बाजूने भाजते आणि दुसरी बाजू गारच राहते. धूर होतो तो वेगळाच. आणि ऊब राखण्यातच बाळाची ताकद संपली तर वाढायला काय उरणार? साखर कमी होते, बाळ सुस्त पडतं, चोखत नाही, आणि न चोखल्याने आणखी गार पडतं. ही साखळी आईच्या छातीच्या उबेने तुटते. आईचं अंग बाळाला लागेल तेवढंच तापतं, भाजत नाही.

ही पद्धत कुणा आजीबाईच्या बटव्यातली नाही. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण तिथे बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. नंतर दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या पाच मोठ्या रुग्णालयांनी एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर अभ्यास केला. तो २०२१ साली छापून आला. काही बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवायला सुरुवात केली, काहींना प्रकृती स्थिरावल्यावर. पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं उशिरा सुरू केलेल्या गटात शंभरामागे सुमारे १६ होती, लगेच सुरू केलेल्या गटात १२. ही रुग्णालयातली बाळं, देखरेख होती. म्हणून घरी कुठलं बाळ चालेल हे डॉक्टरच ठरवतात. श्वास नीट असलेलं, दूध घेणारं, घरी सोडलेलं बाळ असेल तर पुढचं काम आपलं.

आता नीट कसं धरायचं ते बघू. आधी हात साबणाने धुवा. पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा गाऊन घाला, आत काही नको. बाळाचं झबलं काढा. लंगोट, टोपडं आणि पायमोजे एवढंच ठेवा. बाळाला उभं धरून दोन्ही स्तनांच्या मध्ये ठेवा, बाळाची छाती आईच्या छातीला टेकलेली. डोकं एका बाजूला वळलेलं, हनुवटी किंचित वर. पाय बेडकासारखे दुमडून बाजूला, हातही दुमडलेले.

सगळ्यात लक्ष द्यायचं ते मानेकडे. मान पुढे झुकली की श्वासनळी दुमडते. जास्त मागे गेली तरी श्वास अडतो. नाक आणि तोंड सतत दिसलं पाहिजे, कापडाखाली दबलेलं नको.

मग मऊ जुनी सुती साडी लांब दुमडून बाळाच्या पाठीवरून आपल्या अंगाभोवती गुंडाळा आणि बाजूला गाठ मारा. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी. आपण उभं राहिलो तरी बाळ घसरणार नाही इतकं छातीजवळ घट्ट हवं. पोटाजवळ मात्र सैल ठेवा, कारण बाळ पोटाने श्वास घेतं. कापड बाळाच्या पोटावर दाबत असेल तर ते चुकलं. वरून गाऊन किंवा शाल घ्या. झोपायचं असेल तर पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट टेकून झोपा, सपाट नको. सिझेरियन झालेल्या बाईलाही हे जमतं, टाका दुखला तर बाळ थोडं वर घ्यायचं.

एकदा घेतलं की कमीत कमी एक तास तरी काढू नका, कारण सारखं काढलं-ठेवलं तर बाळ दमतं. एकूण दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त, आणि जमेल तेवढं चोवीस तासांच्या जवळ. एवढं एकटीने कसं जमणार, हा प्रश्न बैठकीत सगळ्यांनीच विचारला, आणि खरंही आहे. आई शौचाला, जेवायला, अंघोळीला गेली की दुसऱ्याने घ्यायचं. आमच्या ताईंच्या घरात सासूबाईंनी दुपारी दोन तास घेतले. त्यांनी मिश्री आणि शेगडीजवळ बसणं त्या महिन्यात बंद केलं, हे मला विशेष वाटलं. मुलगा कारखान्यातून आला की आधी अंघोळ करायचा, धुतलेले कपडे घालायचा आणि मग छाती उघडी करून बाळ घ्यायचा. रंगाची पूड आणि माती अंगावर असताना बाळ घ्यायचं नाही, एवढाच नियम. सर्दी, खोकला, ताप, खरूज असलेल्या कुणी घेऊ नये. दारू प्यालेल्याकडे तर अजिबात नाही. स्वयंपाकाला गटातल्या दोघीजणी आठवडाभर आळीपाळीने आल्या. रोज एक वेळचं जेवण, इतकंच. पण त्यामुळे सुनेला बसायला मिळालं.

दूध दर दोन तासांनी, रात्रीही. बाळ उठत नसेल तर उठवून. छातीशी असलं की बाळ स्वतःच तोंड हलवायला लागतं, तीच वेळ. चोखून दमत असेल तर दूध हाताने पिळून, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटली नको. तिला डॉक्टरांनी दर दोन तासांनी साधारण २२ मिली सांगितलं होतं. तुमच्या बाळाला किती, ते वजनावरून तुमचे डॉक्टर सांगतील. काढलेलं दूध झाकून ठेवून चार तासांत संपवायचं. गुटी, मध, साखरपाणी, ग्राईप वॉटर काही नको. आणि अंघोळ? बाळ दोन किलोच्या पुढे जाऊन वजन चढतं आहे हे दिसेपर्यंत, डॉक्टर सांगेपर्यंत, कोमट ओल्या कापडाने भराभर पुसून लगेच कोरडं करायचं. कपडे सुकत नसतील अशा पावसात लंगोटाची जास्त जुळवाजुळव करा, ओला लंगोट बाळाला थंड करतो.

आता पायाची परीक्षा. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट आणि मग तळपाय बघा. दोन्ही गरम, पाय गुलाबी तर बरं आहे. पोट गरम, पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलं. छातीशी घ्या. दोन्ही गार, तर वाट पाहू नका. छातीशी बांधूनच दवाखान्यात निघा. आशाताईंकडे थर्मामीटर असतो, काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सियस यायला हवं. उलट, आपल्याकडे चैत्र-वैशाखात दमट उकाडा असतो. तेव्हा एकच पातळ कापड पुरतं. बाळाला घाम आला, अंग तापलं तर टोपडं काढा. तरी काखेत ३७.५ च्या वर राहिलं तर तो ताप समजा.

बाळाने चोखणं सोडलं, श्वास शांत असताना एका मिनिटात ६० पेक्षा जास्त झाला, छाती आत ओढली जाते आहे, श्वास थांबून थांबून येतो, ओठ निळे, झटका, ताप, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर १०८ ला फोन करा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी स्वतंत्र विभाग आहे. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि गाडी मोफत आहे. गाडीतही बाळ छातीशीच ठेवा. वाटेत गार होतं ते तिथेच.

त्या बाळाचं वजन आशाताईंच्या भेटींत असं आलं. १४ व्या दिवशी १,८६०, म्हणजे जन्माच्या वजनावर पोचलं. २१ व्या दिवशी २,०४०, २८ व्या दिवशी २,२१०, आणि ४२ व्या दिवशी २,५६०. म्हणजे रोज साधारण २५ ग्रॅम. दिवसाला २० ते ३० ग्रॅम चढत असेल तर चांगलं. आठवडाभर वजन तसंच राहिलं तर दूध कमी पडतंय का, बाळ गार पडतंय का, की आजारी आहे, हे डॉक्टरांना विचारायला जा.

आणि थांबायचं कधी? बाळ अडीच किलोच्या आसपास आलं की तेच सांगतं. पाय बाहेर काढतं, वळवळतं, बांधलं की रडतं, घाम येतो. या बाळानेही चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास साडीतून पाय बाहेर काढायला सुरुवात केली. मग दिवसा उघडं मोकळं ठेवायला लागले, आणि रात्री गारवा असला की अंघोळीनंतर तासभर छातीशी.