लेखी परीक्षेनंतरचा पहिला मेल

पूल कॅम्पसमध्ये एक कॉलेज यजमान असतं आणि आसपासच्या पाच-दहा कॉलेजांची मुलं तिथे परीक्षेला येतात. या परीक्षेचा निकाल बहुतेक वेळा मुलांना थेट कळत नाही. कंपनीची एचआर पुढच्या फेरीसाठी निवडलेल्यांची यादी यजमान कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरला पाठवते. तिथून ती इतर कॉलेजांच्या टीपीओंकडे जाते आणि मग वर्गाच्या ग्रुपवर येते. या साखळीत कुठेही यादी अडकली, तर मुलाला वाटतं आपण नापास झालो, आणि आईवडिलांना वाटतं पोरगं काही लपवतंय. रिक्रूटरला मेल लिहायची वेळ बहुधा इथेच येते.

एक उदाहरण घेऊ. सांगलीजवळच्या एका कॉलेजातली मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी १२ जुलैला कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ॲप्टिट्यूड आणि टेक्निकलची परीक्षा देऊन आली. परीक्षेआधीच्या भाषणात एचआर मॅडम म्हणाल्या होत्या, ‘आठवडाभरात कळवू.’ २१ तारीख आली तरी काहीच आलं नाही. अशा वेळी मेल लिहायच्या आधी तिने तीन ठिकाणी पाहायला हवं. पहिलं, मेलमधले स्पॅम आणि प्रमोशन्स हे भाग, कारण परीक्षेच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप सुटणारे मेल बऱ्याचदा तिथे जाऊन पडतात. दुसरं, ज्या पोर्टलवर नोंदणी केली तिथला आपल्या अर्जाचा रकाना. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याच कॉलेजचे टीपीओ. काही कॉलेजांत विद्यार्थ्याने कंपनीशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही असा नियम असतो. तो मोडला तर पुढच्या कंपन्यांना बसू न देण्यापर्यंत मजल जाऊ शकते. टीपीओ म्हणाले, ‘आमच्याकडे यादी आलेली नाही, तू विचार, मला सीसीमध्ये ठेव,’ की मगच पुढचं पाऊल.

आता तिने लिहिलेला पहिला मसुदा बघा. विषयाच्या जागी फक्त ‘निकालाबाबत’. मजकुरात आपण किती मेहनती आहोत, लहानपणापासून या क्षेत्राची किती ओढ आहे, घरचे किती आतुरतेने वाट बघत आहेत, आणि शेवटी, ‘माझी निवड झाली का, मला किती गुण मिळाले, कृपया लवकर कळवा.’ यात खोटं काहीच नाही. पण या मेलला उत्तर देता येत नाही. एचआरकडे शेकडो नावांची एक्सेल शीट असते आणि त्यात माणूस सापडतो तो कँडिडेट आयडीने किंवा नोंदणीच्या मेल आयडीने. मसुद्यात दोन्ही नाहीत. शिवाय निकाल मंजूर होऊन जाहीर होण्याआधी एकट्या उमेदवाराला ‘झाली’ किंवा ‘नाही’ सांगण्याची मुभा एचआरला सहसा नसते, आणि गुण तर बऱ्याच कंपन्या सांगतच नाहीत. यादी कधी लागणार आणि ती कुणामार्फत येणार, हे मात्र एचआर सांगू शकते. म्हणून विचारायचं ते एवढंच.

मेल अर्थातच इंग्रजीत जाईल. त्याचा आशय असा असावा:

> विषय: १२ जुलैची पूल कॅम्पस लेखी परीक्षा, पुढील फेरीबाबत विचारणा, कँडिडेट आयडी अमुक
>
> आदरणीय मॅडम,
>
> मी अमुक कॉलेजची मेकॅनिकल शाखेची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. १२ जुलैला कोल्हापूर येथे झालेल्या आपल्या लेखी परीक्षेला सकाळच्या सत्रात बसले होते. निकाल आठवडाभरात कळेल असे सांगण्यात आले होते. आमच्या प्लेसमेंट ऑफिसकडे अद्याप यादी आलेली नाही.
>
> मुलाखतीसाठी निवडलेल्यांची यादी साधारण केव्हा येईल आणि ती कॉलेजमार्फत मिळेल की थेट मेलवर, हे कृपया कळवावे. आमच्या प्लेसमेंट ऑफिसरना या मेलची प्रत दिली आहे.
>
> आपली,
> पूर्ण नाव, कँडिडेट आयडी, मोबाइल क्रमांक

फोनच्या पडद्यावर हा मेल एका नजरेत वाचून होतो. रेझ्युमे पुन्हा जोडायची गरज नाही, तो नोंदणीच्या वेळीच गेलेला आहे. पाठवण्याचा दिवस कामाचा असावा आणि वेळ सकाळची. रात्री एकला अस्वस्थ होऊन लिहिलेला मेल मसुद्यातच ठेवावा आणि सकाळी पुन्हा वाचावा.

दोन बारीक गोष्टी आपल्याकडे हमखास चुकतात. आपल्या मार्कशीटवर बऱ्याचदा आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. फॉर्म भरताना कुणी तोच क्रम ठेवतं, कुणी उलटा करतं. मेलखाली नाव लिहिताना फॉर्ममध्ये जसं भरलं तसंच लिहावं, नाहीतर शीटमध्ये शोधताना ते सापडत नाही. दुसरं, मेलचं खातं अनेकदा वडिलांच्या फोनवर उघडलेलं असतं, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या जागी वडिलांचं नाव दिसतं. ते सेटिंगमध्ये जाऊन आधी बदलावं, पण मेल नोंदणीच्याच पत्त्यावरून पाठवावा.

पालकांना एक कळकळीची विनंती. एचआरला तुम्ही फोन करू नका, आणि ‘कंपनीत कुणी ओळखीचं आहे का’ म्हणून शोधत बसू नका. उमेदवार आपले निर्णय स्वतः घेऊ शकतो का, हेही त्या फोनवरून जोखलं जातं. मेल पाठवण्याआधी एकदा वाचून द्या, तारीख आणि आयडी बरोबर आहेत ना ते बघा. ही मदत खरोखर उपयोगी पडते.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलवर ‘रिप्लाय ऑल’ करून दोन ओळींची आठवण द्यावी. नवा मेल नको, कारण आधीचा संदर्भ तुटतो. तिसऱ्यांदा लिहू नये. त्यानंतर टीपीओंनाच बोलू द्यावं. दरम्यान इतर कंपन्यांच्या परीक्षा सोडायच्या नाहीत. ‘प्रक्रिया सुरू आहे’ या उत्तरात होकारही शोधू नये आणि नकारही. यादी लागली आणि नाव नसेल, तर प्रतीक्षायादी आहे का एवढं विचारता येतं. कट-ऑफवर वाद घालून निकाल बदलत नाही. परीक्षेच्या वेळी लिंक तुटली किंवा संगणक बंद पडला असेल, तर मात्र ती तक्रार त्याच दिवशी, वेळ आणि आयडी देऊन करायला हवी. दहा दिवसांनी तिची तपासणी होणं अवघड.

याच वाट पाहण्याच्या दिवसांत भामटेही मेल पाठवतात: तुमची निवड झाली, मुलाखतीसाठी अनामत भरा. मेलच्या पत्त्यात @ नंतर काय आहे ते बघा. कंपनीच्या नावाऐवजी साधा जीमेलचा पत्ता किंवा एखाद्या अक्षराचा फरक दिसला, तर आधी टीपीओंना दाखवा. पैसे मागितले तर देऊ नका. गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणि खरं उत्तर आलं, मुलाखतीची तारीख आणि वेळ कळली, तर त्याच दिवशी ‘मी उपस्थित राहीन’ असा एका ओळीचा होकार पाठवावा. त्या दिवशी विद्यापीठाची परीक्षा येत असेल, तर त्याच मेलमध्ये पेपरची तारीख आणि वेळ देऊन दुसरी वेळ मागावी. वेळापत्रक पक्कं व्हायच्या आधी कळलं, तर स्लॉट बदलून मिळण्याची शक्यता असते.