लाख-कोटींचे स्वल्पविराम जागेवर कसे बसवाल?

जालन्यातल्या एखाद्या सळईच्या कंपनीचा वर्षाचा तक्ता एक्सेलमध्ये करायचा आहे असे धरू. आकडे नमुन्याचे आहेत. विक्री १२,४८,३७,६५० रुपये, कच्चा माल ९,७६,५२,३४०, वीज-मजुरी १,८३,१४,३४०. गेल्या वर्षी मात्र २५,४०,००० रुपयांचा तोटा झाला होता.

स्वल्पविराम हाताने टाकू नका आणि TEXT सूत्रही वापरू नका. TEXT ने आकड्याचे अक्षर होते आणि त्या रकान्यांची SUM शून्य येते. आकडा साधाच टाइप करा, फक्त दिसणे बदला. रकाने निवडा, Ctrl+1 दाबा, Custom मध्ये हे लिहा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

विक्री लगेच १२,४८,३७,६५० दिसेल. इथे बरेच जण थांबतात आणि फसतात, कारण या साच्यात अटी दोनच बसतात आणि ऋण आकडा सरळ तिसऱ्या भागात जातो. गेल्या वर्षीचा तोटा -२,५४०,००० असा, साहेबी थाटात उमटतो. म्हणून साचा लावल्यावर एक ऋण आकडा टाकून बघाच.

मला विचाराल तर साच्यापेक्षा विंडोजची सेटिंग बरी. Control Panel मध्ये Region, मग Additional settings, तिथे Digit grouping ला 12,34,56,789 निवडा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा आणि रकान्यांना साधा #,##0 लावा. तोटाही -२५,४०,००० असा नीट दिसतो. मात्र ही सोय त्या संगणकापुरतीच. बँकेच्या साहेबांच्या संगणकावर सेटिंग वेगळी असली तर तीच फाइल वेगळी दिसेल, तेव्हा बाहेर पाठवताना पीडीएफ करा.

आता एकक. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ प्रमाणे एकूण उत्पन्न १०० कोटींपेक्षा कमी असेल तर शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्ष चालतात. कोटी हे एकक त्यापुढच्यांसाठी. आपली कंपनी साडेबारा कोटींची, म्हणून लाख घेऊ. मूळ आकडे एका पानावर जसेच्या तसे ठेवा, दुसऱ्या पानावर भागाकार करा. मूळ पानाचे नाव Mul असेल तर:

```
=ROUND(Mul!B4/100000,2)
```

तक्त्याच्या डोक्यावर उजवीकडे ‘रक्कम ₹ लाखांत’ लिहा आणि सगळ्या पानांवर तेच एकक ठेवा.

शेवटी बेरीज. कच्चा माल ९७६.५२ आणि वीज-मजुरी १८३.१४ यांची बेरीज १,१५९.६६ होते, पण मूळ ११,५९,६६,६८० लाखांत आणले की १,१५९.६७. चूक कुणाचीच नाही, पैशापैशाची काटछाट आहे. एकूण नेहमी मूळ आकड्यांच्या बेरजेवरून काढा आणि तळाशी ‘पूर्णांकनामुळे बेरजेत ०.०१ चा फरक दिसू शकतो’ एवढी ओळ टाका. तो फरक मिटवण्यासाठी वीज-मजुरीचे १८३.१५ मात्र करू नका.